पुस्तकात तसंच छापलंय, तरी उत्तर चूक! मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं आणि ३१सीचा घोळ

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका ताईंनी ती पाठवली. त्यांच्या टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला होता: कलम ३१सीचं संरक्षण कोणत्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेल्या कायद्याला मिळतं? ताईंनी पर्याय निवडला, ‘भाग ४ मधली सर्व तत्त्वं’. उत्तर चूक. गुण तर गेलाच, वर निगेटिव्ह मार्किंग. त्यांचं म्हणणं असं, “सर, मी गाइड वाचून नाही, थेट राज्यघटना उघडून वाचलं होतं. तिथे तसंच छापलंय!”

गंमत म्हणजे ताई खोटं बोलत नाहीयेत. तिथे खरंच तसं छापलंय. तरीही उत्तर चूकच आहे. हे कसं, ते आज बघू. एवढं कळलं ना, की ‘हक्क विरुद्ध तत्त्वं’ या प्रकरणातला सगळ्यात अवघड गुंता सुटला म्हणून समजा.

आधी पाया. मूलभूत हक्क भाग ३ मध्ये आहेत, मार्गदर्शक तत्त्वं भाग ४ मध्ये. कलम १३ सांगतं की मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा सरकारला करता येणार नाही. केला तर जेवढा भाग हक्कांच्या आड येतो तेवढा रद्दबातल. आणि कलम ३७ म्हणतं की मार्गदर्शक तत्त्वं कोर्टातून अंमलात आणून घेता येणार नाहीत, पण देशाचा कारभार करताना ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. बहुतेक जण ३७चा पहिला अर्धा पाठ करतात आणि दुसरा विसरतात. सगळं भांडण त्या दुसऱ्या अर्ध्यातूनच सुरू होतं. कारण सरकार म्हणणार, ‘अहो, माझं कर्तव्य होतं म्हणून तर हा कायदा केला.’ आणि नागरिक म्हणणार, ‘पण माझा हक्क गेला त्याचं काय?’

हे भांडण राज्यघटना लागू झाल्यावर लगेचच कोर्टात आलं. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा जातीधर्मानुसार वाटायचा एक सरकारी आदेश होता. दर १४ जागांमागे कोणत्या गटाला किती, हे ठरलेलं. ६ जागा ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, अशी ती विभागणी. चंपकम दोराईराजन यांनी त्याला आव्हान दिलं. सरकारने कलम ४६ पुढे केलं: दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी घ्या, असं राज्यघटनाच सांगते ना? १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी आदेश रद्द केला. कलम २९(२) नुसार सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांना धरून, त्यांच्या खालच्या पायरीवर राहूनच चालायचं, असं कोर्ट म्हणालं.

आता सरकारने काय केलं? कोर्टाशी वाद घालत बसलं नाही. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५ मध्ये चौथं उपकलम घातलं: सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करता येईल. नीट बघा, तत्त्व जिंकलं, पण हक्काला हरवून नाही. हक्काच्या कलमातच त्याच्यासाठी जागा केली गेली. परीक्षेत ‘चंपकम’ आणि ‘१५(४)’ या जोड्या लावायला येतात, तेव्हा हा धागा लक्षात ठेवा.

पुढची दोन दशकं वाद मुख्यतः मालमत्तेवरून झाला. जमीन सुधारणा, बँकांचं राष्ट्रीयीकरण वगैरे. ते सगळं आज काढत नाही, नाहीतर भाग दोन तासांचा होईल. आपण थेट १९७१च्या २५व्या घटनादुरुस्तीवर येऊ. ३१सी तिथे जन्माला आलं.

(एक सूचना. मराठी प्रतीत याला ‘३१ग’ लिहितात, आणि ३९(बी), ३९(सी) यांना ३९(ख), ३९(ग). प्रश्नपत्रिकेत दोन्ही दिसू शकतं. गोंधळू नका.)

३१सीचे मूळचे दोन तुकडे होते. पहिला: कलम ३९(ख) आणि ३९(ग) साठी केलेला कायदा हा कलम १४, १९ आणि ३१ शी विसंगत आहे म्हणून रद्द होणार नाही. ३९(ख) म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताचं होईल अशा रीतीने वाटलं जावं. ३९(ग) म्हणजे संपत्ती आणि उत्पादनाची साधनं मोजक्या हातांत गोळा होऊ नयेत. दुसरा तुकडा जास्त खतरनाक होता: कायद्यात एकदा ‘हा कायदा या तत्त्वांसाठी आहे’ असं लिहिलं की तो खरंच त्यासाठी आहे का, हे कोर्टाने विचारायचंच नाही! म्हणजे डबीवर ‘औषध’ अशी चिठ्ठी चिकटवली की आत काय आहे ते कोणी उघडून बघायचं नाही.

१९७३ साली केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने पहिला तुकडा ठेवला आणि दुसरा उडवला. त्यामुळे ढाल शिल्लक राहिली, पण डबी उघडून बघायचा कोर्टाचा अधिकारही राहिला.

मग आणीबाणी. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने ३१सी मधले ‘३९(ख) आणि (ग)’ हे शब्द काढले आणि तिथे ‘भाग ४ मधली सर्व किंवा कोणतीही तत्त्वं’ असे शब्द घातले. आता कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वाचं नाव घ्या आणि समानतेचा हक्क बाजूला सारा, अशी स्थिती झाली. ती फार टिकली नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४२व्या दुरुस्तीचं हे कलम ४ घटनाबाह्य ठरवलं. कोर्टाचा मुद्दा साधा होता: भाग ३ आणि भाग ४ यांच्यातला समतोल हाच राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे. तत्त्वं म्हणजे कुठे पोहोचायचं ते, आणि हक्क म्हणजे तिथे जाताना काय तुडवायचं नाही ते.

आणि ताईंचा घोळ नेमका इथेच झाला. कोर्टाने दुरुस्ती रद्द केली म्हणून राज्यघटनेच्या छापील प्रतीतले शब्द आपोआप बदलत नाहीत. संसदेने नंतर ते बदलले नाहीत. त्यामुळे अधिकृत प्रतीत आजही ‘सर्व किंवा कोणतीही तत्त्वं’ हेच शब्द आहेत, आणि ते मिनर्व्हा मिल्समध्ये अवैध ठरले ही गोष्ट खाली तळटीपेत आहे. मोबाईलवर पीडीएफ वाचताना तळटीप कोण बघतं, सांगा बरं?

पण यातून एक खरोखरचा कायदेशीर पेच उभा राहिला. नवे शब्द रद्द झाले, जुने तर दुरुस्तीने आधीच काढून टाकले होते. मग ३१सीमध्ये उरलं काय? जुने शब्द परत आले, की कलमच संपलं?

याचं उत्तर मिळालं ५ नोव्हेंबर २०२४ ला, आणि तेही मुंबईतल्या जुन्या चाळी-इमारतींच्या खटल्यातून. मुंबईत उपकरप्राप्त इमारती असतात ना, जिथे दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो आणि दुरुस्ती मंडळ डागडुजी करतं? १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात ८-अ हे प्रकरण घातलं गेलं. अशा इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर इमारत आणि जमीन संपादित करून त्यांना देता येईल, आणि मालकाला मिळणार मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम. जुन्या पागडीच्या घरांचं भाडं किती असतं ते मुंबईकरांना विचारा. म्हणजे मालक कोर्टात का गेले ते कळेल. दुसऱ्या बाजूला गळक्या छपराखाली राहणारी माणसं होती, तीही विसरू नका. सरकारने कायद्यातच लिहिलं होतं की हा कायदा ३९(ख) साठी आहे. म्हणजे ढाल ३१सीची.

नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, एकमताने: केशवानंद भारतीमध्ये जेवढं वैध ठरलं तेवढं ३१सी जिवंत आहे. म्हणजे जुने शब्द परत आले. दोन, बहुमताने: प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही. काही खासगी मालमत्ता तशी ठरू शकते, पण त्यासाठी तिचं स्वरूप काय, तिची टंचाई आहे का, समाजाच्या हितावर तिचा परिणाम काय, ती मोजक्या हातांत राहिली तर काय होईल, हे तपासावं लागेल. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी या मुद्द्यावर असहमती नोंदवली, आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी अंशतः सहमतीचं वेगळं निकालपत्र लिहिलं. म्हाडाचं ते प्रकरण स्वतः वैध की अवैध, हे या पीठाने ठरवलं नाही. त्याने फक्त घटनात्मक प्रश्नांची उत्तरं दिली. ‘२०२४ मध्ये म्हाडा कायदा रद्द झाला’ असं विधान दिसलं तर ते चूक.

आता ढाल किती मोठी आहे ते मोजू. कायदा ३९(ख) किंवा (ग) साठीच हवा, आणि तो खरंच त्यासाठी आहे का हे कोर्ट बघणार. संरक्षण फक्त कलम १४ आणि १९ पासून. कलम ३१ तर ४४व्या दुरुस्तीने काढूनच टाकलं. समजा एखाद्या राज्याने साधनसंपत्तीच्या वाटपाचा कायदा केला आणि त्यात एका धर्माच्या लोकांना वगळलं. ३१सी वाचवेल? नाही, कारण तिथे कलम १५ मोडतंय, आणि १५ ढालीबाहेर आहे.

मग बाकीची तत्त्वं, म्हणजे कामगारांचं वेतन, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायती, ती बिनढालीचीच? हो. पण निरुपयोगी नाहीत. पन्नाशीच्या दशकात बिजय कॉटन मिल्स खटल्यात अजमेरच्या एका गिरणीने तक्रार केली की किमान वेतन कायद्यामुळे आमचं धंदा करण्याचं स्वातंत्र्य गेलं. कलम १९(६) सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी धंद्यावर वाजवी निर्बंध घालू देतं. निर्बंध वाजवी आहे का, हे ठरवताना कोर्टाने कलम ४३ कडे, म्हणजे कामगारांना जगण्यापुरतं वेतन मिळावं या तत्त्वाकडे बघितलं आणि कायदा टिकवला. हक्क मोडला असं कोर्ट म्हणालंच नाही. हक्काची मर्यादा कुठवर, हे मोजायला त्याने तत्त्वाचा आधार घेतला.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘फक्त ३९(ख) आणि ३९(ग)’. पुस्तक उघडा, ३१सी काढा आणि त्या ‘सर्व किंवा कोणतीही’ शब्दांशेजारी पेन्सिलने लिहा: मिनर्व्हा मिल्स १९८०, रद्द, जुने शब्द जिवंत, २०२४. पुढच्या भागात कलम ४५ मधून २१क कसं आलं ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत असली तर बरं!