सर, उत्तर पळत सुटलंय

न्यूमेरिकल मेथड्स शिकवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला ही मेल ओळखीची वाटेल. ‘सर, गाउस-सायडेल पद्धतीनं सोडवतेय. खरं उत्तर x = 1, y = 2 आहे. सुरुवात 0 पासून केली म्हणून उत्तर भरकटलं असावं. मग x = 1.1, y = 1.9 घेऊन पाहिलं, तरीही तेच. काय दुरुस्त करू?’ सोबत दोन समीकरणं:

```
x + 4y = 9
3x + y = 5
```

एवढ्याशा गणिताला शाळेतली रीत पुरते. पण हजारो अज्ञातं असली की अंदाज धरून तो फेरीफेरीनं सुधारत नेणं सोयीचं पडतं. गाउस-सायडेलमध्ये पहिल्या समीकरणातून x काढायचा, तो लगेच दुसऱ्यात घालून y काढायचा आणि पुन्हा वर यायचं. मुलीनं तेच केलं: x = 9 − 4y, y = 5 − 3x. पहिल्या फेरीत x = 9, y = −22 आले. दुसरीत x = 97, y = −286.

सुरुवातीच्या अंदाजाला दोष देणं स्वाभाविक आहे, पण इथं तो निर्दोष आहे. y मध्ये थोडी चूक असेल तर x मध्ये ती चौपट होते आणि तिथून y मध्ये परतताना आणखी तिप्पट. म्हणजे दर फेरीला चूक बारापट. अचूक 2 पासून निघालं तरच सुटका, आणि 2 ठाऊक असेल तर गणित कशाला करायचं? उत्तर माहीत नसतानाही हे ओळखता येतं. y पहिल्या फेरीत 22 नं हलला, दुसरीत 264 नं. हा बदल फेरीगणिक वाढत असेल तर थांबावं.

सरांचं उत्तर एका ओळीचं: समीकरणांची अदलाबदल कर. आता x = (5 − y)/3 आणि y = (9 − x)/4. पुन्हा 0 पासूनच निघू. x येतो 1.667, मग 1.056, मग 1.005. आधी ज्या 3 आणि 4 नं गुणत होतो, त्यांनीच आता भागतोय. चूक दर फेरीला बाराव्या हिश्श्यावर येते.

प्रत्येक ओळीत कर्णावरचा सहगुणक बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असला (चिन्हं सोडून) की ही पद्धत हमखास उत्तराकडे जाते. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. गाउसनं 1823 मध्ये आपला माजी विद्यार्थी गेर्लिंग याला पत्रातून अशीच रीत समजावली होती, आणि हे काम अर्धवट झोपेतही करता येतं असंही लिहिलं होतं. ती समीकरणं जमीनमोजणीतली. अशा मोजणीतून येणारी समीकरणं सममित आणि चांगल्या घडणीची असतात, म्हणून अट पुरती पाळली नाही तरी गाउस-सायडेल तिथं चालते. मात्र काही वेळा ओळी कशाही फिरवल्या तरी जमत नाही. तेव्हा सरळ निरसनाची रीत घ्यावी.

अशी मेल पाठवायची वेळ आली, तर समीकरणं ज्या क्रमानं वापरली त्याच क्रमानं लिहा आणि पहिल्या तीन-चार फेऱ्यांचे आकडे जोडा.