‘उद्या येतील’ हे उत्तर लाल रकान्यात का?

पडद्यावर प्रसंग लिहिलेला असतो: ‘एटीएममधून पाच हजार आले नाहीत, खात्यातून मात्र गेले. ग्राहक चिडलेला आहे.’ खाली दोन रकाने. लाल फुलीखाली काय बोलू नये, हिरव्या खुणेखाली काय बोलावं. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये नव्याने लागलेल्यांना अशा स्लाइड दाखवतात आणि मग दोघादोघांना बसवून तोच कॉल करून घेतात.

लाल रकान्यातलं पहिलं वाक्य: ‘सर, आधी शांत व्हा.’ याने माणूस आणखी चिडतो. दुसरं: ‘आमच्याकडे व्यवहार यशस्वी दिसतोय.’ पडद्यावर तसं दिसतही असेल, पण समोरच्याला त्यात ‘तुम्ही खोटं बोलताय’ एवढंच ऐकू येतं. तिसरं: ‘काळजी करू नका काका, उद्यापर्यंत येतील पैसे.’ इथे नवशिके बुचकळ्यात पडतात. इतकं आपुलकीचं बोलणं लाल रकान्यात का?

कारण ‘उद्या’ हे कॉल घेणाऱ्याच्या हातात नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे 3 तारखेला पैसे अडकले तर मुदत 8 तारीख. 11 तारखेला जमा झाले, तर वर 300 रुपये.

म्हणून हिरव्या रकान्यातला कॉल वेगळ्या वाटेने जातो. ‘पाच हजारांचा प्रश्न आहे, काळजी वाटणारच. कुठल्या एटीएममधून, किती वाजता काढत होतात?’ मग ओळख पडताळायची. पिन आणि ओटीपी मात्र कधीच विचारायचे नाहीत. नोंद शोधायला वेळ लागणार असेल तर ‘दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?’ असं विचारायचं आणि हो म्हटल्यावरच ठेवायचं. शेवटी तक्रार क्रमांक सांगून तो लिहून घ्यायला लावायचा आणि म्हणायचं, ‘8 तारखेपर्यंत जमा होतील. नाही झाले तर हाच क्रमांक सांगून फोन करा.’

प्रत्यक्षात गाडी अडते ती घड्याळापाशी. कॉल सरासरी किती वेळात संपतो हेही मोजलं जातं, आणि ‘उद्या येतील’ म्हटलं की फोन लवकर खाली ठेवला जातो. पण परवा तेच काका पुन्हा फोन करतात, या वेळी दुप्पट चिडून. एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आलेला फोन अहवालात दिसतो, आणि पहिल्या कॉलमध्ये काय चुकलं ते तिथे कळतं.

सराव संपल्यावर प्रशिक्षकाने ग्राहक झालेल्यालाच विचारावं, ‘तुझे पैसे कधीपर्यंत येणार?’ त्याला तारीख सांगता आली नाही, तर कॉल कितीही गोड झालेला असो, तो पुन्हा करायला लावावा.