दामदुप्पट आणि ७२चा भागाकार

तालुक्याच्या बाजारपेठेतल्या पतसंस्थेचा फलक वाचून पाहा. वर मुदत ठेवींचे दर असतात: एक वर्षाला इतके टक्के, दोन वर्षांना इतके. त्यांच्या खाली, बहुधा वेगळ्या रंगात आणि जरा ठळक अक्षरांत, आणखी एक ओळ असते. समजा, 'दामदुप्पट ७८ महिने'. बाकी सगळ्या ओळींत टक्के आणि याच ओळीत तेवढे महिने. ठेवीदाराला 'एकाचे दोन' चटकन कळते, त्यामुळे ही ओळ खपते. पण ७८ महिन्यांत दुप्पट म्हणजे वर्षाला नक्की किती टक्के, हे फलक सांगत नाही आणि काउंटरवर विचारणारेही थोडेच.

ते तिथल्या तिथे काढता येते. व्याजदराने ७२ला भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात, आणि वर्षांनी भागले की व्याजदर मिळतो. ७८ महिने म्हणजे साडेसहा वर्षे. ७२ भागिले साडेसहा, साधारण ११ टक्के. महिन्यांची वर्षे करायचा कंटाळा असेल तर ७२ गुणिले १२, म्हणजे ८६४ हा आकडा लक्षात ठेवावा आणि त्याला सरळ महिन्यांनी भागावे. ८६४ भागिले ७८ म्हणजे ११.०८. काटेकोर हिशेब केला तर उत्तर सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास येते. उभ्या उभ्या केलेल्या भागाकारासाठी एवढे पुरेसे आहे.

हा आडाखा जुना आहे. दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीमुळे ओळखला जाणारा इटलीतला गणिती आणि फ्रान्सिस्कन साधू लुका पाचोली याचे अंकगणितावरचे जाडजूड पुस्तक १४९४ साली व्हेनिसमध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे काढायचे असेल तर ७२ला व्याजदराने भागावे. का, ते त्याने सांगितलेले नाही. (अलीकडे हा नियम आइन्स्टाइनच्या नावावर खपवला जातो. त्याच्या जन्माआधी जवळजवळ चारशे वर्षे तो छापून झाला होता.)

नियम किती खरा उतरतो हे पाहायला पोस्टाच्या किसान विकास पत्रासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण या योजनेचे आश्वासनच मुळी दुप्पट करून देण्याचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर वर्षाला ७.५ टक्के झाला आणि मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजे ११५ महिने आणि काही दिवस. पोस्टाचा आकडा आणि आपला तोंडी आकडा यांत आठवड्याभराचाही फरक नाही.

आता हेच हिशेबाच्या वहीत मांडून पाहू. एक लाख रुपये गुंतवले. पहिल्या वर्षअखेर ७,५०० रुपये व्याज जमा होऊन १,०७,५०० झाले. दुसऱ्या वर्षी व्याज या वाढलेल्या रकमेवर, म्हणून १,१५,५६२. पाचव्या वर्षअखेर १,४३,५६३. इथे बरेच जण हिरमुसतात, कारण निम्मी मुदत उलटून गेली तरी निम्मे व्याजही पदरात पडलेले नसते. वेग येतो तो पुढे. आठव्या वर्षअखेर १,७८,३४८ आणि नवव्या वर्षअखेर १,९१,७२४. म्हणजे एकट्या नवव्या वर्षाचे व्याज १३,३७६ रुपये, पहिल्या वर्षाच्या पावणेदोनपटीहून जास्त. दोन लाखांना आता ८,२७६ कमी आहेत. दहाव्या वर्षाचे पूर्ण व्याज १४,३७९ झाले असते. त्यातले ८,२७६ मिळवायला सुमारे सात महिने लागतात. नऊ वर्षे सात महिने: ११५ महिने.

हेच व्याज सरळव्याजाने असते, म्हणजे दर वर्षी मुद्दलावरचे ७,५०० तेवढे मिळत राहिले असते, तर दुप्पट व्हायला तेरा वर्षे चार महिने लागले असते. तिथे ७२चा काही संबंध नाही. तिथे १००ला दराने भागायचे. १०० आणि ७२ यांच्यातली तफावत ही व्याजावरच्या व्याजाची कमाई.

मग ७२च का? गणिताचा खरा आकडा ६९.३ आहे. दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ येतो, तिथून तो निघतो. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिसळत असेल तर ६९.३ने अचूक उत्तर मिळेल. पण व्याज वर्षातून एकदाच जमा होत असेल तर मिसळायला उशीर होतो, दुप्पट व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून भाज्यही थोडा मोठा घ्यावा लागतो. ८ टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ बरोबर ७२ होतो. शिवाय ७२ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो, ही तोंडी हिशेबातली मोठी सोय. बँकेची मुदत ठेव तिमाही चक्रवाढीची असते, तिथे ७० घेतलेले जास्त जुळते. ७ टक्क्यांची अशी ठेव दहा वर्षांत दुप्पट होते. ७२ने मात्र सव्वादहापेक्षा थोडी जास्त वर्षे येतात.

दर खूप चढा असला की नियम ढळू लागतो. २४ टक्क्यांना ७२ने तीन वर्षे येतात. वर्षाला एकदा व्याज जमा होत असेल तर खरी मुदत सव्वातीन वर्षांची. त्यावर एक डागडुजी आहे: दर ८च्या वर जाईल तसा प्रत्येक ३ टक्क्यांमागे ७२मध्ये १ मिळवावा. २४ म्हणजे ८च्या वर १६, त्याचे तिसरे हिस्से सुमारे ५, म्हणून ७७ भागिले २४, उत्तर ३.२. पण सावकारी दरांसाठी याहून सोपा मार्ग म्हणजे वर्ष सोडून महिना धरणे. 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याला ३ टक्के. ७२ भागिले ३, चोवीस महिने. थकलेले व्याज दरमहा मुद्दलात धरले जात असेल तर दोन वर्षांच्या आत कर्ज दुप्पट. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दर महिन्याला साडेतीन टक्के असेल आणि काहीच भरले नाही, तर वीस महिने. कार्डवाला वर्षाचा दर सांगत असेल तर त्याला आधी बाराने भागून घ्यावे.

सावकारीच्या या गतीला जुन्या हिंदू कायद्यात एक बांध होता, तो 'दामदुपट' याच नावाने. धनकोला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, असा तो दंडक. मुंबई उच्च न्यायालयाने ब्रिटिश अमदानीत हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला होता. शेकडा तीनच्या सरळव्याजाने हा बांध तेहेतीस महिन्यांनी लागतो. त्यापुढे धनकोचे व्याज कितीही साठले तरी मागता येणारा आकडा मुद्दलाइतकाच.

नियम खरा उपयोगी पडतो तो उलट चालवताना. 'दहा वर्षांत एकाचे दोन लाख, म्हणजे साहेब, वर्षाला दहा टक्के,' असे एजंट सांगतो आणि आपणही मान डोलावतो, कारण शंभराला दहाने भागण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. चक्रवाढीचा खरा दर ७२ भागिले १०, म्हणजे ७.२ टक्के. पोस्टाच्या पत्राहून कमी. दुसऱ्या टोकाला '२५ महिन्यांत दुप्पट' असे छापलेली पत्रके असतात. ८६४ भागिले २५, साडेचौतीस टक्के, आणि वरची डागडुजी केली की चाळिशीच्या घरात. ज्या काळात सरकारच ११५ महिने मागते त्या काळात चाळीस टक्के कोणत्या धंद्यातून येणार, एवढा एकच प्रश्न पत्रक देणाऱ्याला विचारावा. सुरुवातीच्या फलकावरच्या ११ टक्क्यांनाही हाच प्रश्न लागू आहे, जरा सौम्य आवाजात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. वरच्या तीन-साडेतीन टक्क्यांत त्या जोखमीची किंमत धरलेली असते.

हप्त्याने भरायच्या योजनांत मात्र हा भागाकार तसाच वापरू नये. वर्षाला ५० हजार असे वीस वर्षे भरा, दहा लाखांचे वीस लाख घ्या, अशी पॉलिसी घ्या. ७२ भागिले २० म्हणजे ३.६ टक्के, असे म्हणणे पॉलिसीवर अन्याय करणारे आहे, कारण पहिला हप्ता वीस वर्षे राहिला तरी शेवटचा एकच वर्ष राहिला. सरासरी साडेदहा वर्षे धरली तर ६.९ येते, तेही थोडे जास्तच. खरा दर ६.२च्या आसपास बसतो. ७२चा नियम एकरकमी टाकलेल्या आणि मध्ये हात न लावलेल्या पैशाचाच.

आणि त्यातही कोणता दर घालायचा, हे ठरवावे लागते. किसान विकास पत्राचे व्याज करपात्र आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती, उपकर सोडूनही, ७.५ पैकी ५.२५ उरतात. ७२ भागिले ५.२५, पावणेचौदा वर्षे. महागाई रिझर्व्ह बँकेच्या लक्ष्याप्रमाणे ४ टक्केच राहिली असे धरू. त्या वेगाने रुपयाची खरेदीशक्ती अठरा वर्षांत निम्मी होते. ५.२५ मधून ४ वजा केले की उरतो सव्वा टक्का. त्या रकमेतून आज जेवढे सामान येते त्याच्या दुप्पट सामान यायला ७२ भागिले १.२५, सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे लागतात.