भोपाळचे दहा दिवस आणि तीन राज्यपद्धती

तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात संसदीय, अध्यक्षीय आणि अर्धअध्यक्षीय पद्धतींची तुलना विचारली, की बहुतेक विद्यार्थी तीन रकाने आखतात आणि गुणदोष भरू लागतात. अशा उत्तरातून पाठांतर दिसते, समज दिसत नाही. मला वाटते, एकच प्रसंग घ्यावा आणि तो तिन्ही पद्धतींत घडला असता तर काय झाले असते, हे तपासावे. भोपाळने असा प्रसंग 2020 च्या मार्चमध्ये दाखवला.

मध्य प्रदेश विधानसभेच्या 230 जागा. दोन रिक्त होत्या, म्हणून बहुमतासाठी 115 लागत. कमलनाथ यांच्या काँग्रेसचे 114 आमदार होते. बसप, सप आणि अपक्ष मिळून सात जणांचा पाठिंबा धरला तर 121. भाजपकडे 107. 10 मार्चला ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे असलेल्यांसह 22 आमदारांनी राजीनामे दिले. शिंदे घराण्याला हा मार्ग नवा नव्हता. 1967 च्या जुलैत राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने 36 काँग्रेस आमदार फुटले आणि याच भोपाळात द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले होते.

पण 1985 नंतर पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, की आमदारकी जाते. म्हणून 2020 मध्ये कुणी विरोधात मत दिले नाही. त्यांनी जागाच सोडल्या. 22 जागा गेल्यावर सभागृह 206 वर आले आणि बहुमताचा आकडा 104 झाला. काँग्रेसकडे 92, मित्रांसह फार तर 99. भाजपचा एकही आमदार वाढला नाही, तरी 107 पुरेसे ठरले. राज्यपाल लालजी टंडन यांनी बहुमत चाचणीची सूचना दिली, तर 16 मार्चला विधानसभा अध्यक्षांनी करोनाचे कारण देत कामकाज 26 पर्यंत तहकूब केले. शिवराजसिंह चौहान सर्वोच्च न्यायालयात गेले. 20 मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत हात वर करून मतदान घ्या, असा आदेश निघाला. त्या दुपारीच कमलनाथ यांनी राजीनामा दिला आणि 23 तारखेला चौहान यांचा शपथविधी झाला.

संसदीय पद्धतीचे मर्म इथे उघड होते. मुख्यमंत्र्याला मतदार थेट निवडत नाहीत. तो सभागृहाच्या विश्वासावर उभा असतो, आणि विश्वास कोणत्याही दिवशी जाऊ शकतो. महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत हीच बाजू मांडली. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, हा त्यांचा युक्तिवाद. सरकारचा हिशेब मतदार निवडणुकीत घेतात, पण आमदार-खासदार तो प्रश्नांतून आणि ठरावांतून रोज घेतात. उत्तरात आंबेडकर आले पाहिजेतच.

आता हाच प्रसंग अध्यक्षीय चौकटीत ठेवू. प्रमुख वेगळ्या निवडणुकीतून ठरावीक मुदतीसाठी आलेला असता, तर 22 राजीनाम्यांनी त्याची खुर्ची हलली नसती. अमेरिकेत त्याच वर्षी 5 फेब्रुवारीला सिनेटने डोनाल्ड ट्रम्प यांना महाभियोगातून मुक्त केले होते. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मते लागतात आणि आरोप गंभीर गैरवर्तनाचा असावा लागतो. नुसता विश्वास उडाला हे कारण पुरत नाही. त्याची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. कायदेमंडळ विरोधात गेले तर प्रमुख राहतो, पण पैसा अडतो. 22 डिसेंबर 2018 पासून अमेरिकी सरकारचा काही भाग 35 दिवस बंद राहिला, तो याच कोंडीमुळे.

अर्धअध्यक्षीय पद्धतीत सर्वाधिक विद्यार्थी अडखळतात. भारतात राष्ट्रपती आहे म्हणून काहीजण भारतालाच या रकान्यात टाकतात. मोरिस दुव्हर्जे यांची कसोटी लक्षात ठेवावी: राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडलेला हवा, त्याच्याकडे खरे अधिकार हवेत, आणि पंतप्रधान सभागृहाला जबाबदार हवा. आपला राष्ट्रपती पहिल्याच अटीत बसत नाही. ऑस्ट्रियाचा अध्यक्ष थेट निवडून येतो, पण व्यवहारात कारभार पंतप्रधानपदावरचा चॅन्सेलर चालवतो, म्हणून तिथे वर्गीकरण वादग्रस्त राहते.

फ्रान्समध्ये भोपाळसारखे घडले, तर अर्धेच सरकार पडते. 4 डिसेंबर 2024 ला मिशेल बार्निए यांच्याविरुद्धच्या अविश्वास ठरावाला 288 मते पुरेशी होती, पडली 331. पंतप्रधान गेले, अध्यक्ष इमान्युएल मॅक्रॉन राहिले. सभागृह विसर्जित करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो, पण त्यांनी तो जूनमध्येच वापरला होता, आणि त्यातून झालेल्या निवडणुकीनंतर वर्षभर तो पुन्हा वापरता येत नाही. म्हणून त्याच विभागलेल्या सभागृहातून फ्रांस्वा बायरू यांना नेमावे लागले. 8 सप्टेंबर 2025 ला तेही विश्वासमताच्या वेळी हरले. मतदारांनी निवडलेला अध्यक्ष आणि त्यांनीच निवडलेले सभागृह, दोघांचाही दावा खरा होता.