आरक्षण उठल्यावर काय उरते? राज्यशास्त्रातील संशोधन प्रश्न आणि गृहीतक

‘महिलांचा राजकारणातील सहभाग’ हा विषय आहे, संशोधन प्रश्न नाही. राज्यशास्त्राच्या पहिल्याच प्रकल्पात बहुतेक विद्यार्थी इथे अडखळतात. विषयाच्या चौकटीत शंभर गोष्टी मावतात, त्यामुळे कोणती माहिती गोळा करायची आणि कधी थांबायचे, हे त्यातून कळत नाही. संशोधन प्रश्नाचे उत्तर आधीपासून माहीत नसते, पण ते शोधता येते आणि ते एकाहून अधिक प्रकारचे असू शकते. ‘महिलांनी राजकारणात यावे का?’ हा प्रश्न मूल्यांचा आहे; आकडे कितीही जमवले तरी तो त्यांनी सुटणार नाही. ‘मुंबई महापालिकेत महिलांसाठी आरक्षण कधी आले?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते. कामाचा प्रश्न बहुधा या दोहोंच्या मधे असतो आणि तो दोन गोष्टींमधल्या संबंधाविषयी विचारलेला असतो.

असा एक प्रश्न राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुकांच्या आधारे विचारला. त्यांचा अभ्यास 2009 मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महापालिकेच्या काही जागा महिलांसाठी राखीव असतात, पण दर निवडणुकीला त्याच प्रभागांवर आरक्षण नसते. कोणते प्रभाग राखीव असणार, हे सोडतीने ठरत असे. त्यामुळे 1997 मध्ये राखीव असलेले अनेक प्रभाग 2002 मध्ये पुन्हा सर्वांसाठी खुले झाले. भवनानी यांचा प्रश्न असा होता: एखाद्या प्रभागावरचे आरक्षण उठल्यानंतर, पुढच्या खुल्या निवडणुकीत तिथे महिला निवडून येण्याची शक्यता वाढलेली राहते का?

हा प्रश्न विषयापेक्षा बराच अरुंद आहे. त्यात ठिकाण ठरलेले आहे आणि काळही ठरलेला आहे. शिवाय काय कशाशी ताडून पाहायचे, हेही ठरलेले आहे. तुलना व्यक्तींची किंवा पक्षांची नाही, प्रभागांची आहे. संशोधनात याला विश्लेषणाचे एकक म्हणतात आणि ते सुरुवातीलाच पक्के करणे फायद्याचे असते. प्रश्न प्रभागांविषयी आणि माहिती मात्र नगरसेविकांच्या मुलाखतींची, अशी विसंगती अनेक प्रबंधांत दिसते. मुलाखती चांगल्या असूनही मग मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रश्नात दोन चल आहेत. चल म्हणजे अशी गोष्ट, जिचे मूल्य एका एककाकडून दुसऱ्या एककाकडे जाताना बदलते. ज्याचा परिणाम होतो असे मानले जाते तो स्वतंत्र चल. ज्यावर परिणाम होतो तो परतंत्र चल. या अभ्यासात ‘प्रभाग 1997 मध्ये महिलांसाठी राखीव होता की नव्हता’ हा स्वतंत्र चल आहे, तर ‘2002 च्या खुल्या निवडणुकीत त्या प्रभागातून महिला निवडून आली की नाही’ हा परतंत्र चल. कोणता कोणता, याबद्दल गोंधळ वाटला तर काळाचा क्रम पाहावा. कारण आधी घडायला हवे आणि परिणाम नंतर. 1997 मधले आरक्षण 2002 च्या निकालाने ठरू शकत नाही, म्हणून इथे उलटसुलट होण्याची भीतीच नाही. ‘महिला नगरसेविका जास्त तिथे मतदारांची वृत्ती उदार’ अशा विधानात मात्र ती भीती असते, कारण वृत्ती उदार होती म्हणूनच महिला निवडून आल्या असणे अगदी शक्य आहे.

चल ठरवला तरी तो मोजायचा कसा, हे वेगळे ठरवावे लागते. इथे दोन्ही चल सोपे आहेत. प्रत्येक प्रभागासमोर दोन रकाने आखायचे. पहिल्यात, 1997 मध्ये राखीव असेल तर 1, नसेल तर 0. दुसऱ्यात, 2002 मध्ये महिला जिंकली असेल तर 1, नाही तर 0. पहिली माहिती आरक्षणाच्या यादीतून मिळते, दुसरी निकालांतून. दोन वेगळ्या माणसांनी हे रकाने भरले तरी आकडे तेच येतील, आणि चांगल्या मोजमापाची खूण हीच असते. नवशिक्या अभ्यासकाने ‘सबलीकरण’ हा परतंत्र चल घेतला तर दोघांचे रकाने जुळणार नाहीत: एकाला सभेत बोलणे म्हणजे सबलीकरण वाटेल, दुसऱ्याला स्वतःच्या निर्णयाने निधी खर्च करणे. म्हणून अशी मोठी कल्पना घेतली तर ती कोणत्या दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टीवरून ओळखायची, हे आधी लिहून ठेवावे लागते आणि त्या मोजमापात कल्पनेचा कोणता भाग हरवला, हेही मान्य करावे लागते. महिला निवडून येणे म्हणजे सबलीकरण नव्हे. पण निवडून आली की नाही, याबद्दल वाद होत नाही.

आता गृहीतक. गृहीतक म्हणजे संशोधन प्रश्नाला आधीच दिलेले, तपासून पाहायचे उत्तर. ‘आरक्षणाचा महिलांच्या राजकारणावर परिणाम होतो’ हे वाक्य गृहीतकासारखे दिसते, पण त्याचा उपयोग नाही. परिणाम वाढीचा की घटीचा, हे ते सांगत नाही. कोणताही निकाल आला तरी ते खरेच ठरते. जे वाक्य खोटे ठरूच शकत नाही ते तपासताही येत नाही. कामाचे गृहीतक असे लिहिता येईल: ‘2002 मध्ये खुल्या असलेल्या प्रभागांपैकी जे 1997 मध्ये महिलांसाठी राखीव होते, त्यांत महिला निवडून येण्याचे प्रमाण राखीव नसलेल्या प्रभागांपेक्षा जास्त असेल.’ यात एकक आहे, दोन्ही चल आहेत, दिशा आहे आणि तुलनेचा दुसरा गटही आहे. या दुसऱ्या गटाचा उल्लेख राहून जाण्याची चूक फार वेळा होते. ‘पूर्वी राखीव असलेल्या प्रभागांत महिला निवडून येतील’ एवढेच लिहिले, तर किती महिला आल्या म्हणजे ते खरे मानायचे, हे कोणी सांगू शकणार नाही.

याच्याच जोडीला शून्य गृहीतक मांडतात: दोन्ही गटांत काही फरक नाही, आणि दिसणारा लहानसहान फरक योगायोगाचा आहे. संख्याशास्त्रीय चाचणी प्रत्यक्षात या शून्य गृहीतकाचीच घेतली जाते. दिसलेला फरक केवळ योगायोगाने येणे फारच अवघड असेल, तरच ते नाकारले जाते. भवनानी यांना आढळलेला फरक मोठा होता. 1997 मध्ये राखीव असलेल्या प्रभागांपैकी सुमारे 22 टक्क्यांत 2002 मध्ये महिला जिंकल्या. इतर खुल्या प्रभागांत हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे शक्यता साधारण पाचपट झाली होती. तरीही पूर्वी राखीव असलेल्या बहुतेक प्रभागांत पुढच्या वेळी पुरुषच निवडून आले, ही गोष्टही याच आकड्यांत आहे. गृहीतक टिकले म्हणून ती विसरता कामा नये.

स्वतंत्र चल म्हणून ‘प्रभाग राखीव होता का’ हेच का निवडले, याचा विचार इथे नीट करायला हवा. वरवर पाहता ‘1997 मध्ये प्रभागात नगरसेविका होती का’ हा चल अधिक थेट वाटतो. पण खुल्या प्रभागातून महिला जिंकते तेव्हा त्या प्रभागात आधीपासूनच काहीतरी वेगळे असू शकते. तिथले स्थानिक महिला मंडळ मजबूत असेल, पक्षाचा तिथला शाखाप्रमुख महिलांना उमेदवारी देणारा असेल, किंवा एखाद्या कुटुंबाचा दबदबा असेल. 2002 मध्ये तिथे पुन्हा महिला जिंकली, तर श्रेय नगरसेविकेच्या कामगिरीला द्यायचे की त्या जुन्या कारणाला, हे सांगता येणार नाही. दोन्ही चलांवर एकाच वेळी परिणाम करणारा असा तिसरा घटक राज्यशास्त्रातल्या बहुतेक निष्कर्षांच्या मुळाशी लपलेला असतो. आरक्षणाची सोडत मात्र महिला मंडळ, शाखाप्रमुख किंवा कुटुंब पाहत नाही. त्यामुळे राखीव आणि अराखीव प्रभाग सरासरीने सारखेच असावेत, अशी अपेक्षा करता येते. ती अपेक्षा खरी आहे का, हे दोन्ही गटांची जुनी आकडेवारी शेजारी ठेवून तपासताही येते: मतदारांची संख्या, मतदानाची टक्केवारी, उमेदवारांची संख्या. सोडतीचा आधार नसेल, तर असे तिसरे घटक एकेक करून ओळखावे लागतात आणि विश्लेषणात धरावे लागतात.

गृहीतकामागे ‘का’चे उत्तरही हवे, नाहीतर तो नुसता अंदाज राहतो. मुंबईच्या बाबतीत निदान दोन वाटा संभवतात. एक, आरक्षणामुळे ज्या महिला पहिल्यांदा निवडून आल्या त्यांची ओळख वाढली, कामाचा अनुभव आला, आणि त्याच पुन्हा जिंकल्या. दुसरी, महिला जिंकू शकतात हे पक्षांना दिसले, म्हणून त्यांनी आरक्षण नसतानाही महिलांना उमेदवारी दिली. दोन्ही वाटा मूळ निकालाशी जुळतात, पण पुढे त्यांतून वेगवेगळ्या अपेक्षा निघतात. पहिलीच वाट खरी असेल तर 2002 च्या विजेत्या बहुतांशी 1997 च्याच नगरसेविका असाव्यात. दुसरी खरी असेल तर नवी नावेही दिसावीत आणि पक्षांच्या महिला उमेदवारांची संख्याही वाढलेली असावी. म्हणजे प्रत्येक वाटेसाठी एक पोटगृहीतक लिहिता येते आणि ते निकालपत्रकातली नावे पाहून तपासता येते. भवनानी यांच्या तपासणीत दोन्ही वाटांना काही ना काही पुरावा मिळाला.

हाच प्रश्न उचलून दुसऱ्या शहरात नेताना मात्र चल पुन्हा तपासावे लागतात. पुणे महापालिकेची 2017 ची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांनुसार झाली. निम्म्या जागा महिलांसाठी असल्याने अशा प्रत्येक प्रभागात महिलांसाठी जागा होत्याच. तिथे ‘प्रभाग राखीव होता का’ या रकान्यात सगळीकडे 1 येईल. जो आकडा बदलतच नाही तो चल राहत नाही, आणि त्याच्याशी कशाचाही संबंध शोधता येत नाही. तिथे एकक बदलून प्रभागाऐवजी प्रभागातली जागा घ्यावी लागेल, आणि मग अ, ब, क, ड यांपैकी कोणत्या जागेवर पूर्वी आरक्षण होते, हे धरावे लागेल. प्रभागांच्या सीमा दोन निवडणुकांच्या मधे बदलल्या असतील, तर जुना आणि नवा प्रभाग एकच मानायचा का, हे नकाशे शेजारी ठेवून ठरवावे लागेल. जिथे आरक्षण सोडतीऐवजी ठरलेल्या क्रमाने फिरते आणि निम्म्या जागा राखीव आहेत, तिथे आज खुला असलेला जवळजवळ प्रत्येक प्रभाग मागच्या वेळी राखीव असू शकतो. मग तुलनेसाठी दुसरा गटच उरत नाही, आणि तसे असेल तर गृहीतक लिहिण्याआधी प्रश्नच बदलावा लागतो.