वीस हजारांत नशीब किती?

7 एप्रिल 2025, सोमवार. सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी, बाजार उघडायच्या आधीच्या सत्रात, माझ्याकडच्या शेअरचा भाव 566 दिसत होता. शुक्रवारी तो 598 वर बंद झाला होता. साडेनऊच्या पुढे मी 250 शेअर 560 ला विकून मोकळा झालो. घेतले होते 640 ला. म्हणजे 80 रुपये गुणिले 250, बरोबर वीस हजारांचं नुकसान.

त्या रात्री मी वहीत एकच ओळ लिहिली : ‘ट्रम्प यांच्या आयातशुल्कामुळे तोटा.’ ती वाचून मनाला बरं वाटलं, पण ती खोटी होती. खोटी कशी, ते कळायला मला पुढचे चार दिवस लागले. तो हिशेब इथे मांडतो आहे, कारण शेअर बाजारात तोटा झाला की आपण एक तर सगळं नशिबावर टाकतो, नाही तर सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतो. दोन्हींतून शिकायला काही मिळत नाही.

सौदा काय होता

स्विंग ट्रेडिंग म्हणजे शेअर काही दिवस ते काही आठवडे धरून भावातली एक लाट पकडायची. दिवसाच्या आत घेऊन विकणाऱ्यांसारखी घाई नाही आणि दीर्घकालीन गुंतवणूकदारासारखा वर्षांचा संयमही नाही. यातला मोठा धोका रात्रीचा आणि शनिवार-रविवारचा. बाजार बंद असताना जगात काहीही घडू शकतं, आणि तेव्हा विकता येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला 22 हजारांच्या आसपास असलेला निफ्टी 24 मार्चपर्यंत साडेतेवीस हजारांवर गेला होता. एका मध्यम आकाराच्या, निर्यात करणाऱ्या इंजिनिअरिंग कंपनीचा शेअर सहा आठवडे 590 ते 630 या पट्ट्यात फिरून वर निघाला. 25 मार्चला मी तो 640 ला घेतला. स्टॉप लॉस 608 ला, म्हणजे भाव तिथे आला की माझा अंदाज चुकला असं मानून बाहेर पडायचं. लक्ष्य 704. बत्तीस रुपयांचा धोका, चौसष्ट रुपयांची अपेक्षा.

माझं ट्रेडिंगचं भांडवल पाच लाख. एका सौद्यात त्याच्या एक टक्क्यापेक्षा, म्हणजे पाच हजारांपेक्षा जास्त घालवायचं नाही, हा माझा नियम. पाच हजारांना बत्तीसने भागलं की येतात 156 शेअर. मी घेतले 250. मार्चमधले आधीचे तिन्ही सौदे फायद्यात गेले होते आणि हात सैल सुटला होता. दुसरं कारण वहीत सापडलं नाही.

चार दिवसांची घसरण

2 एप्रिलला अमेरिका नवं आयातशुल्क जाहीर करणार, ही तारीख आधीपासून माहीत होती. भारतावर 26 टक्के शुल्क लागल्याचं 3 तारखेच्या सकाळी कळलं. त्या दिवशी निफ्टी फारसा हलला नाही, पण शुक्रवारी, 4 एप्रिलला, तो जवळपास दीड टक्का घसरला.

त्याच शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा शेअर 610 वर होता. स्टॉप लॉस लागायला दोन रुपये उरले होते. मी तो 608 वरून 592 वर नेला. वहीत शेजारी लिहिलंय : ‘610 ला आधार आहे, थोडी जागा देऊ.’ तासाभरात भाव 608 च्या खाली गेला आणि 598 वर बंद झाला.

बाजार बंद होण्याच्या सुमारास बातमी आली की चीननेही अमेरिकी मालावर 34 टक्के शुल्क लावलं आहे. त्या रात्री अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे सहा टक्के कोसळला. सोमवारी हाँगकाँगचा बाजार 13 टक्क्यांहून अधिक पडला. आपला निफ्टी उघडतानाच सुमारे पाच टक्के खाली होता आणि दिवसअखेर सव्वातीन टक्के घसरून बंद झाला.

सोमवारी आणखी एक गोष्ट घडली. माझी विक्रीची ऑर्डर जीटीटी प्रकारची होती. भाव 592 ला आला की ती जागी होते, पण विकते फक्त 590 किंवा त्याहून वरच्या भावाला. बाजार थेट 566 ला उघडल्यावर ऑर्डर जागी झाली आणि 590 च्या गिऱ्हाइकाची वाट बघत तशीच पडून राहिली. आपण आपोआप बाहेर पडलो असं मी धरून चाललो होतो. ‘पेंडिंग’ हा शब्द नऊ पस्तीसला दिसला. ती रद्द करून बाजारभावाने विकेपर्यंत शेअर 560 वर आला होता.

तोट्याचे पाच तुकडे

तोट्याची चिकित्सा करताना पहिला नियम असा की आठवणीवर विसंबायचं नाही. निकाल कळल्यावर आपली आठवण बदलते आणि ‘मला तेव्हाच शंका आली होती’ असं खरोखर वाटू लागतं. म्हणून मी ऑर्डर बुकातल्या वेळा आणि वहीतल्या नोंदी एवढंच समोर ठेवलं.

मग वीस हजारांचे तुकडे पाडले. ठरल्याप्रमाणे 156 शेअर घेऊन 608 ला बाहेर पडलो असतो, तर 4,992 रुपये गेले असते. हा धंद्याचा खर्च. नियमापेक्षा 94 शेअर जास्त घेतले, त्यांच्यावर त्याच 32 रुपयांनी 3,008 गेले. स्टॉप लॉस सोळा रुपये खाली नेला, त्याचे 250 शेअरवर 4,000. शुक्रवारनंतर भावाने 592 वरून थेट 566 वर उडी मारली, त्याचे 6,500. आणि ऑर्डर अडकून वीस मिनिटं गेली, त्याचे 1,500. बेरीज बरोबर वीस हजार.

पहिल्या फेरीत मी 6,500 च्या तुकड्यापुढे ‘नशीब’ लिहिलं. चीन काय करेल, अमेरिकेचा बाजार किती पडेल, हे माझ्या हातात नव्हतं. कागद धाकट्या बहिणीला दाखवला. ती लेखापरीक्षणाचं काम करते.

ती म्हणाली, “दादा, स्टॉप लॉस 608 लाच असता, तर तू कधी बाहेर पडला असतास?”

“शुक्रवारी दुपारी.”

“मग सोमवारी तुझ्याकडे शेअर होते कुठे?”

त्या एका प्रश्नाने माझी सगळी विभागणी बदलली. सोमवारची घसरण दुर्दैवी होती, पण ती माझ्यापर्यंत पोचली ती शुक्रवारी अकरा वीसला मी दार उघडं ठेवलं म्हणून. 6,500 रुपये ‘निर्णय’ या रकान्यात गेले.

तेव्हापासून मी एकच कसोटी वापरतो : माझे सगळे नियम जसेच्या तसे पाळले असते, तरी हे नुकसान झालं असतं का? झालं असतं, तर ते नशीब. नसतं, तर तो निर्णय. शुक्रवारी भाव 609 वर थांबून बंद झाला असता आणि सोमवारी 566 ला उघडला असता, तर 156 शेअरवरची ती उडी निव्वळ दुर्दैव ठरली असती. तसं झालं नाही.

कसोटी उलट बाजूनेही चालते. शेअर घेण्यात चूक झाली म्हणून मी स्वतःला फार बोल लावत होतो. 25 मार्चला उपलब्ध माहिती पाहिली, तर पट्ट्यातून वर निघालेला शेअर, चढता निफ्टी आणि आखून घेतलेला धोका, हे सगळं नियमात बसत होतं. 2 एप्रिलची तारीख मात्र डोळ्यांसमोर होती. कंपनीचा तिमाही निकाल लागायच्या आधी मी हात आखडता घेतो, सरकारी निर्णयाच्या तारखेसाठी मात्र माझ्याकडे नियमच नव्हता. मोडलेला नियम आणि नसलेला नियम यांत फरक आहे. पहिल्यासाठी शिस्त लागते, दुसऱ्यासाठी वहीत एक ओळ वाढवावी लागते.

म्हणजे वीस हजारांपैकी सुमारे पाच हजार नशिबाचे आणि पंधरा हजार माझे. मी ज्याला नशीब समजत होतो तो माझा निर्णय होता आणि ज्याला चूक समजत होतो ते बरंचसं नशीब होतं.

निकालावरून निर्णय जोखू नये

जॉनथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी 1988 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एका डॉक्टरने शस्त्रक्रियेबाबत घेतलेला निर्णय जोखायला सांगितला. माहिती तीच, यशाची शक्यताही तीच. तरी रुग्ण वाचल्याचं सांगितलं की लोकांना निर्णय चांगला वाटे आणि दगावल्याचं सांगितलं की वाईट.

माझ्या बाबतीतही हे लगेच घडलं. 9 एप्रिलला अमेरिकेने बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क 90 दिवसांसाठी थांबवलं. 15 तारखेला निफ्टी पुन्हा 2 एप्रिलच्या पातळीजवळ आला आणि महिनाअखेरीस माझा शेअर 630 च्या वर होता. एक मित्र म्हणाला, “विकलास कशाला? थांबायचं होतंस.” पण 7 तारखेच्या सकाळी ही तहकुबी कुणालाच दिसत नव्हती. उशिरा का होईना, बाहेर पडणं बरोबर होतं. नंतर भाव चढला म्हणून तो निर्णय चुकीचा ठरत नाही.

खरं नशीब टाळता येत नाही, पण त्याचा फटका किती बसावा हे आधी ठरवता येतं. 250 शेअर म्हणजे एक लाख साठ हजार, भांडवलाच्या 32 टक्के, एकाच शेअरमध्ये. 156 असते तर 20 टक्के. आता मी शेअरची संख्या दोन प्रकारे काढतो. एकदा स्टॉप लॉसवरून, आणि एकदा ‘उद्या हा दहा टक्के खाली उघडला तर’ या प्रश्नावरून. त्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त जायला नको. दोन्हींतली लहान संख्या घ्यायची. माहीत असलेली मोठी तारीख मध्ये येत असेल तर त्याच्याही निम्मी.

एक प्रश्न उरला होता. वर्षभर स्टॉप लॉस न हलवणाऱ्या माणसाने त्या शुक्रवारी तो का हलवला? उत्तर शोधायला मी वही मागे चाळली आणि मार्चमधल्या एका फायद्याच्या सौद्याशी थांबलो. तिथेही मी स्टॉप लॉस खाली सरकवला होता. भाव जुन्या पातळीच्या एक रुपया खाली जाऊन परत फिरला आणि मला 6,200 रुपये मिळाले. पानावर बरोबरची मोठी खूण होती. चूक तिथे शिकलो होतो आणि तिचं बक्षीसही मिळालं होतं.

ती खूण खोडून मी शेजारी लिहिलं : ‘निर्णय वाईट, नशीब चांगलं.’ आता दर महिन्याला फायद्याचे सौदेही त्याच कसोटीला लावतो.