जेवणानंतरची कळ आणि पित्ताशयातला खडा

नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणारी चाळिशीतली एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणा. दोन बाळंतपणं झालेली, गेल्या काही वर्षांत वजन थोडं वाढलेलं. दिवसभर पोटात चहा आणि एखादं केळं. रात्री आठला गरम साबुदाणावडे, दाण्याची आमटी आणि तूप घातलेली भगर. साडेनऊच्या सुमाराला बेंबीच्या वर, दोन्हीकडच्या बरगड्या जिथे मिळतात तिथे दुखायला लागतं. अर्ध्या तासात दुखणं इतकं वाढतं की धड बसवत नाही आणि आडवंही होववत नाही. मग ते त्याच तीव्रतेने टिकून राहतं, उजव्या बरगडीखाली सरकतं आणि पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जातं. उलटी होते, पण उलटीने मोकळं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, "पित्त झालंय गं, उपाशी राहतेस ना!" ओवा, सोडा, अँटासिडची गोळी असं सगळं होतं. रात्री साडेबाराला कळ आपोआप ओसरते. सकाळी ती ठणठणीत उठते आणि घरात सगळ्यांचं एकमत होतं, की गॅसेसच झाले होते.

सकाळी ठणठणीत वाटतं म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षं झाकून राहतो. कारण ओव्याने किंवा गोळीने कळ थांबलेली नसते. अडकलेला खडा मागे सरकलेला असतो, म्हणून ती थांबलेली असते.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही भाग यकृताच्या खाली चिकटलेल्या पित्ताशयात साठतो. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं, पण ती रसातलं पाणी शोषून त्याला दाट करते. तेलातुपाचं जेवण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचलं, की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि पित्ताशय आवळतं. साठलेला रस आतड्यात येऊन स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. पिशवीत खडे असतील, तर आवळण्याच्या जोरासरशी एखादा खडा बाटलीच्या बुचासारखा तिच्या तोंडाशी अडकतो. पित्ताशय आवळत राहतं, रस बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कळ सुरू होते. पिशवी सैल पडली की बहुतेक वेळा खडा मागे येतो. म्हणून ही कळ साधारणपणे अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत टिकते आणि मग पूर्ण थांबते.

वरच्या प्रसंगात तेलाइतकाच उपवासाचाही हात आहे. बराच वेळ पोट रिकामं राहिलं, की पित्ताशय आवळलं जात नाही. रस आत साचून अधिकच दाट होतो आणि त्यातल्या कोलेस्टेरॉलचे कण जमायला वाव मिळतो. झटपट वजन उतरवणाऱ्यांनाही खडे होतात ते यामुळेच. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन कमी करणाऱ्या 'डाएट'चा हा धोका आधी कुणी सांगत नाही, तो सांगायला हवा. गरोदरपण, स्थूलपणा, मधुमेह आणि घरात इतरांना असलेले खडे, यांनीही शक्यता वाढते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांना लहान वयातही खडे होतात, पण ते तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्यामुळे होणारे, काळपट आणि वेगळ्या प्रकारचे असतात.

मग ही कळ आणि नेहमीची ॲसिडिटी यांत फरक कसा करायचा? ॲसिडिटीत जळजळ असते, आंबट ढेकर येतात, अँटासिडने थोड्या वेळात उतार पडतो. गॅसचं दुखणं जागा बदलतं आणि वारा सरला की हलकं वाटतं. खड्याची कळ एका जागी बसते, एकसारखी दुखते आणि कूस बदलून, शौचाला जाऊन किंवा गोळी घेऊन हटत नाही. बऱ्याचदा ती रात्री येते. दोन कळांच्या मध्ये आठवडे किंवा महिने अगदी बरे जातात. पण वरच्या पोटातलं प्रत्येक दुखणं खड्याचंच, असंही धरून चालू नका. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा याच जागी दुखण्याने सुरू होतो, मधुमेहींमध्ये तर विशेष. दुखण्याबरोबर दरदरून घाम, धाप, छातीत दडपण किंवा जबडा आणि हाताकडे जाणारी वेदना असेल, तर आधी ईसीजी काढायचा आणि खड्यांचा विचार नंतर करायचा.

खडे शोधायला सोनोग्राफी पुरते. सहा ते आठ तास उपाशीपोटी जायचं, म्हणजे पित्ताशय भरलेलं असतं आणि नीट दिसतं. पित्ताशयातले खडे ती सहसा चुकवत नाही. सीटी स्कॅन महाग असला तरी यात सरस नाही, कारण कोलेस्टेरॉलचे काही खडे त्यात दिसतच नाहीत. रिपोर्टमध्ये खड्यांच्या संख्येपेक्षा दोन आकडे आधी पाहावेत. पित्ताशयाच्या भिंतीची जाडी साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. ती वाढलेली असेल तर सूज असू शकते. मुख्य पित्तनलिकेची रुंदी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, वय वाढलं की थोडी जास्त. ती फुगलेली असेल, तर एखादा खडा पिशवीतून निसटून नळीत गेला असल्याची शंका येते. सोबत रक्तातलं बिलिरुबिन आणि यकृताची विकरं तपासतात.

इथे आपल्याकडे एक मोठा घोटाळा होतो. मूतखडा लघवीवाटे पडून जातो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून पित्ताशयातला खडाही 'पाडायचे' उपाय सुरू होतात. भरपूर पाणी, पानफुटीची पानं, कुणी सांगितलेला काढा. पण दोघांची वाट वेगळी आहे. पित्ताशयातून निघालेला खडा अरुंद मुख्य पित्तनलिकेत येतो. ही नलिका आतड्यात उघडते तिथेच स्वादुपिंडाची नळीही तिला मिळते. खडा तिथे अडकला तर पित्त तुंबून कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून विषबाधा रक्तात पसरते, किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. त्यामुळे इथे खडा बाहेर पडणं हेच संकट आहे. हरभऱ्याएवढा खडा पिशवीतच अडून बसतो, पण मोहरीएवढा सहज निसटतो. 'खडे अगदी बारीक आहेत, काळजी नको' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे हिरवे गोळे पडल्याचे फोटो मोबाइलवर फिरतात. असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत. ते पोटात त्याच तेलापासून तयार झालेले साबणासारखे गोळे होते. सोनोग्राफी पुन्हा केली तर खडे जागच्या जागी असतात, आणि एवढं तेल एकदम प्यायल्याने पित्ताशय जोरात आवळतं ते वेगळंच. खडे विरघळवणारी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी मात्र खरी आहे. पण ती चालते ती लहान, कॅल्शियम न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच. त्यालाही सहा महिने ते दोन वर्षं लागतात आणि गोळी थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या जणांना पुन्हा खडे होतात.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि कधीच दुखलं नसेल, तर सहसा काही करायचं नसतं. अशा शंभरांतल्या साधारण ऐंशी जणांना वीस वर्षांतही त्रास होत नाही. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असला तर मात्र सर्जनशी बोलावं. एकदा कळ आली की हिशेब बदलतो, कारण ती बहुतेकांना पुन्हा येते. मग खडे नव्हे, पित्ताशयच काढतात. नुसते खडे काढले तर त्या पिशवीत नवे होतात. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, पोटावरच्या चार लहान छेदांमधून होते. भारतात ती पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. पित्ताशय गेलं तरी यकृत रस बनवत राहतं, तो थेट आतड्यात उतरतो. काहींना सुरुवातीला पातळ शौच होते. पुढे बहुतेक जण नेहमीचं जेवण जेवतात.

शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत आहाराचा उपयोग कळा टाळण्यापुरता आहे. खडे त्याने जात नाहीत. एका जेवणात फार तेल-तूप येऊ द्यायचं नाही, एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ साधतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल म्हणजे दिवसाला तीन चहाचे चमचे. ते तिन्ही जेवणांत वाटून घ्यावं. वडापाव, मिसळीवरची तर्री, पुऱ्या, मटणाचा रस्सा, श्रीखंड, साजूक तुपातला शिरा हे या काळात बंद. साबुदाणावड्यांऐवजी भगर आणि ताक, खोबरं-दाण्याचं कूट अगदी थोडं. ज्वारीची भाकरी, एक चमचा फोडणीची पालेभाजी, वरण, साय काढलेल्या दुधाचं दही हे बहुतेकांना सोसतं. स्निग्ध पदार्थ अजिबात बंद करणं मात्र चुकीचं आहे, पित्ताशय आवळलंच नाही तर रस साचतो. सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, निर्जळी उपवास करायचा नाही. मधुमेह असेल, तर हे बदल डॉक्टरांना विचारून करावेत.

कळ आली तेव्हाची वेळ लिहून ठेवावी. पाच तास उलटूनही ती कमी होत नसेल, तर खडा मागे सरकलेला नाही आणि पित्ताशयाला सूज येऊ लागली असावी. उजव्या बरगडीखाली हात लावला की श्वास अडतो, बारीक ताप येतो. अशा वेळी त्याच रात्री रुग्णालयात जावं. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गर्द पिवळी आणि शौच पांढुरकी, हा पित्तनलिका तुंबल्याचा इशारा आहे. त्यात रुग्ण बरळायला लागला, गळून गेला किंवा रक्तदाब उतरला तर एक तासही महाग पडतो. वेदना सरळ पाठीत घुसते, पुढे वाकून बसल्यावरच थोडी बरी वाटते आणि उलट्या थांबत नाहीत, तेव्हा स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये ताप किंवा दुखणं कमी असूनही आतली परिस्थिती गंभीर असते, म्हणून त्यांच्याबाबत वाट पाहू नये. गरोदर बाईलाही हेच लागू.

अशा वेळी वेदनाशामक गोळ्या घेत सकाळ उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जिथे रात्रीही सोनोग्राफी आणि सर्जन दोन्ही मिळतील अशा ठिकाणी न्या. जुना सोनोग्राफी रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पोचल्याबरोबर सांगा. रुग्णाला वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असावं लागतं.